दुखणं कमी झालं म्हणून मी तीन दिवस गप्प बसलो: छातीत चमक भरलेल्यांनो, तुमचं काय झालं होतं?

माळरान

मी २३ वर्षांचा, उंची सहा फूट एक इंच, वजन ५८ किलो. रविवारी सकाळी खाटेवर बसून चहा पीत होतो आणि उजव्या छातीत एकदम चमक भरली. श्वास आत ओढला की सुरी टोचल्यासारखं व्हायचं, अर्धाच श्वास घेतला तर चालून जायचं. आदल्या दिवशी जिममध्ये नेहमीपेक्षा जास्त वजन उचललं होतं, म्हणून स्नायू दुखावला असं मीच ठरवून टाकलं. जवळच्या दवाखान्यात कंबरेत एक इंजेक्शन मिळालं, छातीला कोणी स्टेथोस्कोप लावला नाही.

सोमवारी दुखणं निम्म्यावर आलं, मंगळवारी जवळजवळ गेलं. मी घरी फोन करून ‘बरं वाटतंय’ म्हणून सांगितलंसुद्धा. पण खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि मधल्या वळणावर मला कठडा धरून थांबावं लागलं. बुधवारी एक्स-रे काढला. उजवीकडे नुसतं काळं, आणि फुप्फुस मुठीएवढं होऊन मधोमध चिकटलेलं. बरगड्यांमधून नळी टाकली, पाच दिवस नळीला जोडलेली बाटली घेऊन फिरलो. तीन वर्षं दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढत होतो, त्या तेव्हापासून बंद आहेत.

मला एकच गोष्ट खटकते. दुखणं कमी होत होतं, मग फुप्फुस बसलेलं कसं? तुम्हाला असं काही झालं असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत काय वाटलं, आणि नेमकं कळलं कशावरून, ते सविस्तर लिहा.

चाफेकळी

माझंही असंच, फक्त माझ्या छातीत पाणी झालं होतं. वय २४, शाळेत शिकवत होते. डाव्या कुशीत खाली चमक यायची. शिंक आली की डोळ्यांत पाणी. त्या कुशीवर झोपलं तर जरा बरं, कारण तेवढा भाग हलत नाही. आठवड्याभरात दुखणं आपोआप ओसरलं. आईनं दृष्ट काढली होती, तिला वाटलं गुण आला. पण संध्याकाळी अंग कसकसायचं, फळ्यावर लिहिता लिहिता वाक्य पूर्ण बोलता यायचं नाही, ब्लाउज सैल झाले.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं. फुप्फुसावरचं आणि बरगड्यांच्या आतलं अशी दोन आवरणं सुजून एकमेकांवर घासतात तेव्हा दुखतं. मध्ये पाणी साठलं की घासणं थांबतं, म्हणून दुखणं जातं आणि दम लागायला लागतो. पाठीतून सुई घालून पाणी काढलं, गवती चहासारखं पिवळसर. त्यात जंतू सापडला नाही, पण बाकीच्या तपासण्यांवरून टीबी ठरला. सहा महिने सरकारी गोळ्या घेतल्या, पूर्ण घेतल्या. दुसऱ्या महिन्यात इतकं बरं वाटलं की सोडाव्यात असं मनात आलं होतं.

दगडफूल

एवढं घाबरायचं कारण नाही. दुखऱ्या जागी बोटानं दाबून बघा. दाबल्यावर दुखलं तर स्नायू, नाही दुखलं तर आत काहीतरी. मी क्लबात वेगवान गोलंदाजी करतो, दर मोसमात एकदा बरगडीपाशी धरतं. शेक आणि दहा दिवस विश्रांती, एक्स-रे कधीच काढला नाही.

वॉर्ड नं. सात

बारा वर्षं छातीच्या वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून लिहिते. दगडफूल दादा, तुमचं निम्मं बरोबर आहे. बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबल्यावर तीच कळ उठते, हात फिरवला किंवा कूस बदलली तरी उठते, आणि दम अजिबात लागत नाही, तर बहुतेकदा स्नायू किंवा बरगडीचा सांधाच असतो. पण जिमला जाणाऱ्या मुलाची छाती दाबली तर दुखणारच. त्यामागे हवा शिरलेली असली तरी दुखणार. आमच्याकडे असे दोघे आले, दोघांनाही बाहेर कुणीतरी दाबूनच सांगितलं होतं.

माळरान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. फुप्फुसाच्या शेंड्यावर एखादा पातळ फुगा असतो, तो फुटतो आणि हवा बाहेर सुटते, तेव्हा कळ येते. एक-दोन दिवसांत ती कळ मंदावते, हवा मात्र तिथेच असते. उंच, सडपातळ मुलांत आणि त्यातून सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं, आणि बहुतेकांना बसल्या जागी होतं, वजन उचलताना नाही. डॉक्टर छाती बोटानं ठोकतात तेव्हा त्या बाजूला रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो आणि श्वासाचा आवाज कमी येतो. पाणी असेल तर उलट, भरलेल्या माठासारखा ठस्स. हे शर्टावरून कळत नाही. एक्स-रे शक्यतो उभ्यानं काढावा, झोपवून काढला तर थोडी हवा सुटून जाते नजरेतून.

हवा थोडी असेल आणि दम नसेल तर नळी न टाकता नुसतं लक्ष ठेवतात, हवा शरीरात हळूहळू जिरते. त्याला काही आठवडे लागतात. पण दम वाढत चालला, नाडी पळायला लागली, ओठ निळसर झाले किंवा चक्कर आली, तर एक्स-रेची रांग धरू नका, १०८ बोलवा.

आणि नळी असलेल्यांनी एक पाळा: बाटली कायम छातीच्या खाली. बेडवर ठेवायची नाही, बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय, म्हणजे नळी चालू आहे.

नाना_६२

मलाही छातीत दुखतं, चालताना, मधोमध जड वाटतं आणि डाव्या हातात उतरतं. थांबलं की जातं. खोल श्वास घेतल्यानं फरक पडत नाही. हे पाणी असेल का?

वॉर्ड नं. सात

नाना, हे वेगळं आहे, हृदयाचं असू शकतं. आजच कुणाला तरी सोबत घेऊन जा आणि ईसीजी काढा, इथं उत्तराची वाट बघू नका.

पाऊसवेळ

मी १९ वर्षांची. मला आठवीपासून डाव्या स्तनाखाली अचानक सुईसारखं टोचतं, नुसतं बसलेलं असताना. श्वास अडतो, अर्धा-एक मिनिट, मग काहीच झालं नाही असं. महिन्यातून दोन-तीनदा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वाढत्या वयात होतं आणि जातं. दम लागत नाही, ताप नाही. दर वेळी भीती मात्र वाटते.

तुळशीवृंदावन

माझा अनुभव कुणी तरी वाचावा म्हणून. पाय मोडून पाच आठवडे प्लास्टर होतं, वय २९. उजव्या कुशीत श्वासाबरोबर दुखायला लागलं. एक्स-रे स्वच्छ, म्हणून गॅस म्हणून घरी पाठवलं. बसल्या बसल्या नाडी १२० चालायची. दुसऱ्या डॉक्टरांनी पोटरीची सूज बघितली आणि लगेच सीटी स्कॅन करायला लावला. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती.

माळरान

सिस्टर, मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं. मित्र जानेवारीत अंदमानला जातायत, स्कुबा डायव्हिंग ठरलंय. एका डॉक्टरांनी विमानाला हरकत नाही म्हटलं, दुसऱ्यांनी थांब म्हटलं.

वॉर्ड नं. सात

विमानासाठी आधी एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुललेलं दिसायला हवं, त्यानंतर निदान आठवडा जाऊ देतात. पाण्याखाली मात्र नको, असंच आमचे डॉक्टर सगळ्यांना सांगतात. वर येताना आत अडकलेली हवा फुगते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून फुगे काढलेल्यांचा विचार वेगळा होतो. ती शस्त्रक्रिया पहिल्याच वेळी करावी की पुन्हा झाल्यावर, यावर आमच्याकडच्या दोन डॉक्टरांचंच एकमत नाही. साधारण तीनातल्या एकाला पुन्हा होतं, सिगारेट चालू ठेवली तर धोका वाढतो.

माळरान

मग अंदमानला जातो, किनाऱ्यावर बसतो. कालच एक्स-रे काढला, दोन्ही बाजू सारख्या दिसतायत. उजव्या बाजूला नळीच्या जागी अजून थोडं बधिर आहे, ते कधी जातं कुणाला ठाऊक आहे का?