शब्द हवा: सेन्सिटिव्हिटी ऍनालिसिस आणि टोर्नेडो डायग्राम

कातळवाट
एका घाटरस्त्याचं एस्टिमेट करतोय, १२ किलोमीटर, बराच भाग डोंगर कापून. खर्च धरलाय ४० कोटी. त्यातली कुठली गोष्ट इकडेतिकडे झाली तर हा आकडा सगळ्यात जास्त हलेल ते जिल्हा परिषदेच्या सदस्यांपुढे मराठीत मांडायचंय, आणि त्यासाठी टोर्नेडो डायग्राम, म्हणजे सगळ्यात लांब पट्टी वर आणि लहान खाली अशी आडव्या पट्ट्यांची आकृती, काढलाय. आता 'संवेदनशीलता विश्लेषण' म्हटलं की लोकांना संवेदनशील मतदान केंद्र आठवतं, आणि 'चक्रीवादळ आकृती' म्हटलं तर कोकणात भलताच अर्थ लागेल. दुसरं काही सुचतंय का?
आकृती अशी आलीये: प्रत्येक गोष्ट १० टक्के कमी, १० टक्के जास्त करून बघितली. डांबर सगळ्यात वर, १.२ कोटींची पट्टी, मग खोदाईतला खडक १.०८, जमीन १, मजुरी ०.८ आणि शेवटी मोऱ्यांचं स्टील.

निळीशाई
आमच्या लॅबमधे कल्चर सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट असतो, कुठल्या औषधाला जंतू दाद देतात आणि कुठल्याला देत नाहीत ते त्यात लिहिलेलं असतं. तुमचा प्रश्न त्याबद्दल नाहीये हे वाचता वाचता कळलं, पण 'दाद देणे' हा शब्द तुम्हाला चालेल का बघा. खर्च कशाला दाद देतो?

कातळवाट
ताई, हे बोलायला फार छान आहे. मथळ्यात कसं बसेल बघतो.

मोजपट्टी
शब्दाकडे येऊच, पण आधी आकृती बदला, नाहीतर चुकीच्या आकृतीला चांगलं नाव मिळेल. सगळ्यांना सारखे १० टक्के लावले की आकृती फक्त एवढंच सांगते की कुठला खर्च मुळात मोठा आहे, आणि ते तर एस्टिमेटचा गोषवारा, म्हणजे ऍबस्ट्रॅक्ट, बघूनही कळतं. कुठली गोष्ट खरोखर किती सरकू शकते हे त्यात कुठेच येत नाही. मजुरी १० टक्के सरकणं आणि खडक १० टक्के सरकणं या सारख्या गोष्टी आहेत का?
खडक तुम्ही ३० टक्के धरला असणार, म्हणजे तुमचे १० टक्के लावून तो २७ ते ३३ झाला. वर जांभा नि खाली काळा कातळ अशा डोंगरात बोअर न घेता कोण सांगेल की खडक ३३ च्या वर जाणार नाही? खोदाई किती आहे आणि दर काय धरलेत ते टाका.

कातळवाट
खोदाई ४ लाख घनमीटर. मुरूम १५० रुपये, कठीण खडक ६०० रुपये, मधले प्रकार सोपं करायला या दोनातच घातलेत. खडक ३० टक्के, म्हणून खोदाई ११.४ कोटी. डांबर १२०० टन, ५०,००० रुपये टनानं ६ कोटी. जमीन ५ कोटी, मजुरी ४, स्टील ९० लाख. बाकीचे १२.७ कोटी फारसे हलत नाहीत असं धरलंय.

मोजपट्टी
ठीक. आता प्रत्येक गोष्टीसाठी त्या त्या माणसाकडे जा आणि दोन आकडे विचारा: दहा रस्त्यांत एखाद्याच रस्त्याला याच्याखाली जाईल असा एक, आणि दहांत एखाद्यालाच याच्यावर जाईल असा एक. "जास्तीत जास्त किती" असं विचारू नका, त्याचं उत्तर प्रत्येकजण आपापल्या स्वभावाप्रमाणे देतो, आणि अगोदर तुमचा ३० टक्क्यांचा आकडाही सांगू नका, तो ऐकला की माणूस त्याच्याच आसपास घुटमळतो. खडकासाठी जवळच्या जुन्या रस्त्यांची मोजमाप पुस्तकं काढा, टेंडरमधे खडक किती धरला होता आणि शेवटच्या बिलात किती निघाला ते बघा, त्यातून जी रेंज येईल ती कुठल्याही अंदाजापेक्षा बरी.

कातळवाट
चार दिवस लागले पण केलं. खडक २० ते ५० टक्के. २० ला खोदाई ९.६ कोटी, ५० ला १५ कोटी. जमीन साडेचार ते आठ कोटी, कारण मोबदल्याचा दर अजून ठरायचाय आणि लोक कोर्टात गेले तर तो वरच जातो. डांबर ४२,००० ते ६०,००० रुपये टन, म्हणजे ५.०४ ते ७.२ कोटी. मजुरी १० टक्के इकडेतिकडे, स्टील १५.
आता खडक सगळ्यात वर, ५.४ कोटींची पट्टी. त्याखाली जमीन साडेतीन कोटी, आणि डांबर घसरून तिसरं, २.१६. पूर्ण क्रमच बदलला. आणि खडकाची पट्टी ४० कोटींच्या मधल्या रेघेच्या डावीकडे १.८ आणि उजवीकडे ३.६ आलीये, हे बरोबर आहे का? मला वाटायचं दोन्ही बाजू सारख्याच असतात.

मोजपट्टी
बरोबर आहे आणि सदस्यांना तेच सगळ्यात ठळक दाखवा. सारखे टक्के लावले होते तेव्हा दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या, कारण त्या तुम्हीच तशा ठरवल्या होत्या. प्रत्यक्षात खडक कमी निघून वाचतील त्याच्या दुप्पट पैसे तो जास्त निघाला तर जातील. जमिनीचं तर याहून टोकाचं आहे, डावीकडे ५० लाख आणि उजवीकडे ३ कोटी.

गावकूस
म्हणजे उजव्या बाजूच्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली की रस्ता वाईटात वाईट कितीला पडेल ते मिळालं ना? मी केली, ८.३ कोटींच्या आसपास येते, म्हणजे ४८ कोटींची तयारी ठेवा म्हणावं.

मोजपट्टी
बेरीज बरोबर आहे, अर्थ तो नाही. प्रत्येक पट्टी काढताना बाकीच्या चारही गोष्टी मूळ आकड्यावर धरून ठेवलेल्या असतात. प्रत्येकीचं वरचं टोक दहात एकदा येणारं, आणि पाचही एकमेकींवर अवलंबून नसतील तर पाचही एकाच वेळी त्या टोकाला जाणं म्हणजे लाखात एकदा. एवढ्यासाठी ४८ कोटी कोण मंजूर करेल? पट्ट्यांवरून फक्त क्रम कळतो, एकूण किती राखून ठेवायचं ते मॉन्टे कार्लोसारख्या, सगळे आकडे हजारो वेळा एकदम हलवून बघणाऱ्या, वेगळ्या हिशोबानं काढावं लागतं.

गावकूस
पण अवलंबून नसतील तर ना? क्रूड महागलं की डांबरही महागतं आणि डिझेलही, आणि डिझेल महागलं की खोदाई, वाहतूक सगळंच वर जातं. तुमचे १५० आणि ६०० चे दर तरी जागेवर राहतील का?

मोजपट्टी
हा मुद्दा मान्य, आणि आकृतीचा कमकुवतपणा इथेच आहे. मी असतो तर 'क्रूडचा भाव' अशी एकच पट्टी केली असती आणि त्यात डांबर नि डिझेल दोन्ही एकदम हलवलं असतं.

वीटभट्टी
मला हे पटत नाही. एकत्र केलं की पट्टी मोठी होते पण त्यावर करायचं काय ते कळेनासं होतं. डांबराला टेंडरमधे स्टार रेट असतो, भाव वाढला तर फरक खातं देतं, डिझेलचा हिशोब वेगळ्या कलमात. दोन पट्ट्या वेगळ्याच ठेवा आणि खाली टीप द्या की या दोन्ही एकत्र हलतात.
आणि आकृती कुणाच्या खिशाची आहे ते आधी लिहा. स्टार रेट असेल तर डांबराची पट्टी खात्याच्या आकृतीत येते, ठेकेदाराच्या आकृतीत ती जवळजवळ नाहीशी होते. बी-१ टेंडर असेल तर खडक मोजून जितका निघेल तितक्याचे पैसे द्यावे लागतात, म्हणजे तोही खात्यावरच. तोच रस्ता, पण ठेकेदारानं काढलेल्या आकृतीत मजुरी वर येईल.

पारावरची
आम्ही घर बांधलं तेव्हा असंच झालं. सिमेंट कुठल्या कंपनीचं, टाइल्स कुठल्या यावर घरात महिनाभर चर्चा, आणि जमीन काळी निघाली, चार फुटांवर धरलेला पाया साडेआठ फुटांवर मुरूम लागेपर्यंत गेला. मिस्त्री म्हणाले होते की आधी कोपऱ्यात एक खड्डा घेऊन बघू, तेव्हा तो खर्च नको वाटला. तुमच्या भाषेत आमची सगळ्यात वरची पट्टी पायाची होती ना?

मोजपट्टी
हो ताई, अगदी तीच. आणि तुमचा तो खड्डा म्हणजेच या आकृतीचा खरा उपयोग. कातळवाट, सगळ्यात वरची पट्टी दिसली की पुढचा प्रश्न हाच, की थोडे पैसे खर्चून ती लहान करता येते का. जिथे कटिंग खोल आहे तिथे बोअर घ्या.

कातळवाट
बोअरचे निकाल आले म्हणून धागा वर काढतोय. खडक ३५ ते ४५ टक्के निघतोय, मधला आकडा ४० धरला. म्हणजे खोदाई १३.२ कोटी आणि एकूण अंदाज ४० वरून ४१.८ झाला. पट्टी मात्र ५.४ वरून १.८ कोटी झाली आणि आता जमीन सगळ्यात वर आहे. साहेब म्हणतायत की बोअरनी खर्च वाढवला.

मोजपट्टी
खडक डोंगरात होताच, फक्त तो बिलात निघण्याऐवजी आता एस्टिमेटमधे निघाला. साहेबांना दोन्ही आकृत्या एकाच मापाच्या अक्षावर शेजारी शेजारी दाखवा. आधी खडकामुळे खर्च ४३.६ पर्यंत जात होता, आता ४२.७ पर्यंत जातो. मधली रेघ उजवीकडे सरकली पण वरचं टोक डावीकडे आलं, हे आकृतीत एका नजरेत दिसतं.

कातळवाट
दाखवतो. एक छोटी अडचण, एक्सेलमधे सगळ्यात मोठी पट्टी खाली येते आणि सगळ्या पट्ट्या शून्यापासून सुरू होतात.

वीटभट्टी
उभ्या अक्षावर `Format Axis` मधे `Categories in reverse order` ला टिक करा, मोठी वर जाईल. आडव्या अक्षाला `Vertical axis crosses` मधे `Axis value` ला 41.8 द्या, आणि पट्ट्यांचा `Series Overlap` 100% करा, म्हणजे कमी-जास्तीच्या दोन्ही बाजू एकाच ओळीत येतील.

निळीशाई
मोठी खाली आणि लहान वर म्हणजे उतरंडच झाली की. मग तुमची ती 'उलटी उतरंड'.

गावकूस
उतरंड हा शब्द जिल्हा परिषदेत सगळ्यांना कळेल. पण उतरंडीत खालचं मडकं काढलं की वरची कोसळतात, इथे तसं काही नाही, मोठी पट्टी लहान केली तरी बाकीच्या जागच्या जागी राहतात. मला 'खर्चाच्या चढउताराची उतरती पट्टी' असं लांबलचक चालेल.

वीटभट्टी
'टोर्नेडो' तसंच ठेवा, नाहीतर दुसऱ्या खात्यातल्या माणसाला ओळखू येणार नाही. फक्त खाली लिहा की पट्टी रुपयांत आहे. काही रिस्कच्या सॉफ्टवेअरमधे याच नावाची आकृती निघते पण तिच्यातल्या पट्ट्या सहसंबंधाच्या असतात, ०.६, ०.३ अशा, आणि लोक त्या कोटींच्या समजून वाचतात.

कातळवाट
सध्या मथळा 'खर्च कशाला किती दाद देतो' आणि आकृतीखाली 'टोर्नेडो, सर्व आकडे कोटी रुपयांत' असं टाकतोय. क्रूडची एक पट्टी की दोन, यावर अजून कुणाचा अनुभव असेल तर लिहा. आणि जमिनीची पट्टी लहान करायला बोअरसारखा काही मार्ग आहे का? मोजणी पूर्ण झालीये, अडकलंय ते दरावर.

पारावरची
जमीन कुणाकुणाची आहे, किती खातेदार आहेत त्यांच्याशी आधी बसून बोललात का? आमच्याकडे बाह्यवळणाला संमतीनं खरेदी झालेल्या गटांचा दर लगेच ठरला, उरलेल्यांचे दावे अजून चालू आहेत.

कातळवाट
६० च्या आसपास खातेदार आहेत. किती जण संमतीला तयार आहेत ते तलाठ्यांकडून गटवार काढतो, मग साडेतीन कोटींची पट्टी किती गटांमुळे एवढी आहे ते वेगळं करून बघता येईल.