चर्चेचा सारांश: मत कुठे हललं?

“कादंबरीत पानंच्या पानं नुसतं बोलणं, घडत काहीच नाही. सारांशात घेऊ काय?”

कोणाचं मत काय याची यादी नको; बोलता बोलता कोण कुठे हलला ते घ्या. दादरच्या आमच्या वाचनगटात दस्तयेवस्कीची ‘ब्रदर्स करमाझोव’ ही कादंबरी घेतली होती. त्यातल्या इव्हान आणि अल्योशा या भावांचं खानावळीतलं संभाषण बहुतेकांनी ‘नास्तिक विरुद्ध श्रद्धाळू’ असं उरकलं. एवढं तर पुस्तक न उघडताही लिहिता येतं, आणि ते चूकही आहे. इव्हान तिथे देव मान्य करतो, जग मान्य करत नाही. शेवटी सगळं जुळून येणार असेल, पण त्याची किंमत लहान मुलांचा छळ असेल, तर त्या जुळलेल्या जगात शिरायचं आपलं तिकीट तो अदबीने परत करतो. मग भावालाच विचारतो: एका चिमुकल्या जिवाच्या यातनांवर साऱ्या मानवजातीचं सुख तू उभारशील? अल्योशा हळूच ‘नाही’ म्हणतो. सारांशात हे ‘नाही’ हवंच, कारण श्रद्धाळू माणसाने इथे अर्धा मुद्दा सोडलाय. लगेच तो ख्रिस्ताकडे वळतो, आणि इव्हानची ती प्रसिद्ध धर्मन्यायाधीशाची गोष्ट त्यावरचं उत्तर म्हणून येते. ती सुटी काढून सांगितली (बहुतेक मार्गदर्शकं तेच करतात) तर ती कशाला उत्तर होती तेच कळत नाही.

आणि ‘घडत काहीच नाही’ म्हणाल, तर ‘सगळं चालतं’ हा इव्हानचा विचार घरचा नोकर स्मेर्द्याकोव्ह खरा मानतो, त्यातूनच या भावांच्या वडिलांचा खून होतो. सारांशात खुनाच्या ओळीत तो विचारही यायला हवा.