मदत हवी आहे: जुना राऊटर विकायचा आहे, रीसेट केला तरी लॉगिनचा पासवर्ड जुनाच चालतोय

मृणाल_चिंचवड

टीपी-लिंकचा आर्चर सी6 विकायला काढलाय. घेणारे रविवारी संध्याकाळी येणार आहेत. काल लॅपटॉपवर 192.168.0.1 उघडून Advanced, मग System Tools, मग Backup & Restore असं गेले आणि Restore दाबलं. राऊटर बंद होऊन परत सुरू झाला. वाय-फायचं नाव बदलून स्टिकरवरचं आलं, म्हणजे काहीतरी पुसलं गेलं हे नक्की. पण तेच पान परत उघडलं तर त्याने पासवर्ड विचारला आणि माझा जुना पासवर्ड घेतलाही! मोबाईलवरच्या टेदर अ‍ॅपमध्ये राऊटर अजून माझ्याच खात्यात दिसतोय.

मग नक्की काय पुसलं गेलं आणि काय राहिलं? आणखी एक घोळ आहे. नेट आमच्या भागातल्या केबलवाल्यांचं आहे. त्यांच्या माणसाने दोन वर्षांपूर्वी राऊटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून दिला होता, तो मी कुठेच लिहून ठेवला नव्हता. नवा राऊटर आणलाय पण अजून जोडलेला नाही.

जुना_खेळाडू

सॉफ्टवेअरच्या बटणावर विसंबू नका. 30-30-30 करा. रीसेटचं बटण 30 सेकंद दाबून धरा, ते न सोडता प्लग काढून 30 सेकंद, परत प्लग लावून आणखी 30 सेकंद. सगळं कोरं होतं. आणि दोन दिवस वीज न देता ठेवून द्या, म्हणजे मेमरीत उरलेलंही जाईल.

तारवाला

मृणालताई, राऊटर बिघडलेला नाही. त्या पानावर दोन बटणं आहेत. वरचं Restore, त्याच्या शेजारीच बारीक अक्षरात लिहिलंय की लॉगिनचा पासवर्ड आणि क्लाऊड खात्याची माहिती सोडून बाकी सगळं मूळ स्थितीत जाईल. खालचं Factory Restore, ते काहीही शिल्लक ठेवत नाही. तुम्ही वरचं दाबलंत. त्यामुळे वाय-फाय, केबलवाल्यांचं युजरनेम, पोर्ट उघडले असतील तर ते, हे सगळं गेलं. राहिला तो लॉगिनचा पासवर्ड आणि टीपी-लिंक खात्याशी असलेली जोडणी.

आता लगेच Factory Restore दाबू नका. आधी खात्याची जोडणी तोडा, मग पुसा. जोडणी तोडायला राऊटरला इंटरनेट लागतं आणि तुमच्या राऊटरला आत्ता ते नाही. म्हणून नवा राऊटर आधी चालू करा. त्याच्या लॅन पोर्टातून एक केबल काढून जुन्याच्या इंटरनेट लिहिलेल्या पोर्टात घाला. रीसेटनंतर जुना राऊटर आपोआप पत्ता मागून घेतो, वेगळं काही भरावं लागत नाही. दोन्ही राऊटर 192.168.0.1 वरच असतील तर जुना स्वतःचा पत्ता बदलू शकतो, तेव्हा आकडे टाकत बसण्यापेक्षा लॅपटॉप जुन्याच्या लॅन पोर्टला लावून tplinkwifi.net उघडा. Advanced मध्ये TP-Link ID, काही आवृत्त्यांत TP-Link Cloud, तिथे Unbind आहे. ते झालं, टेदरच्या यादीतून नाव गेलं, की मग Factory Restore.

जुना_खेळाडू, 30-30-30 ही पद्धत जुन्या लिंकसिस राऊटरांवर डीडी-डब्ल्यूआरटी घालणाऱ्यांची. त्या यंत्रांपुरती ती योग्य होती. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांवर बटण दाबलेलं असताना वीज दिली तर राऊटर दुरुस्तीच्या अवस्थेत जातो आणि केबलवरून फर्मवेअरच्या फाइलची वाट बघत बसतो. बिघडत नाही, पण पुसलंही जात नाही, आणि माणूस समजतो काम झालं. दोन दिवस वीज बंद ठेवण्याचं म्हणाल, तर सेटिंग फ्लॅश चिपवर असतात. माळ्यावर पाच वर्षं पडलेला राऊटर लावून बघा, जुन्याच नावाने वाय-फाय सुरू होतं.

जुना_खेळाडू

विजेचं मान्य. पण बटणाने पुसलेलं वेबपानापेक्षा जास्त भरवशाचं, हे मी सोडणार नाही. वरच्यासारखा गोंधळ तरी होत नाही.

तारवाला

ते बरोबर आहे, बटणात अर्धवट पुसण्याचा पर्याय नसतो. फक्त दोन गोष्टी बघायच्या. राऊटर पूर्ण सुरू झालेला हवा, म्हणजे वीज दिल्यावर दोनेक मिनिटं थांबायचं. मग टाचणीने बटण दाबून धरायचं ते पॉवरचा दिवा लुकलुकेपर्यंत, साधारण 6 ते 10 सेकंद. दुसरं म्हणजे डब्ल्यूआर840एनसारख्या स्वस्त मॉडेलांवर WPS/RESET असं एकच बटण असतं. दोन सेकंदांत सोडलं तर डब्ल्यूपीएस सुरू होतं, दिवा तेव्हाही लुकलुकतो आणि काहीच पुसलं जात नाही. खूण एकच: सगळे दिवे एकदम विझून राऊटर नव्याने सुरू झाला पाहिजे.

मृणाल_चिंचवड

कळलं. पण नवा राऊटर चालू कसा करू? केबलवाल्यांचं युजरनेम तर मीच पुसून बसले.

वायरमन_नगर

त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑफिसला फोन करून सांगा, पीपीपीओई आयडी आणि पासवर्ड हवाय. बिलावर किंवा त्यांच्या पोर्टलवर जो ग्राहक क्रमांक असतो तोच बऱ्याचदा आयडी असतो. पासवर्ड जुना मागू नका, बदलून द्या म्हणा. अनेक ठिकाणी सगळ्या ग्राहकांना एकच साचेबंद पासवर्ड दिलेला असतो, म्हणून बदलून घेणं बरं.

त्याच फोनवर विचारा, मॅक लॉक आहे का. असेल तर तुमचा आयडी जुन्या राऊटरच्या मॅक पत्त्याला बांधलेला आहे आणि तो सोडवायला सांगा. हे राहिलं तर नव्या राऊटरवर पासवर्ड बरोबर टाकूनही चुकीचा आहे असंच दिसतं आणि माणूस तासभर तोच पासवर्ड टाकत बसतो. नव्या राऊटरला जुन्याचा मॅक देऊन वेळ भागते, पण तुम्ही जुना विकताय. घेणारा त्याच केबलवाल्यांचा ग्राहक निघाला तर एका मॅकची दोन यंत्रं एका जाळ्यात येतील आणि दोघांचंही नेट तुटत राहील.

सगळं बरोबर असून लागलं नाही तर दहा मिनिटं थांबा. एका आयडीला एकच जोडणी असते. जुना राऊटर नीट न तोडता बंद केला तर सर्व्हरला काही वेळ तोच चालू आहे असं वाटत राहतं.

मंदार_कुडाळ

माझंही असंच आहे. बीएसएनएल फायबरचा ओएनटी पडून आहे, त्यालाही वाय-फाय आहे. तोही Factory Restore करून विकता येईल ना?

वायरमन_नगर

तुमचं प्रकरण वेगळं आहे. आधी तो ओएनटी कोणाचा ते बघा. तुम्ही विकत घेतला असेल आणि पावती असेल तर तुमचा. कनेक्शनबरोबर वापरायला दिलेला असेल, मग कंपनी कोणतीही असो, तो परत करून पोच घ्यायची. विकायचा नाही.

तुमचा असेल तर रीसेट करण्याआधी फायबर काढून ठेवा. हिरव्या टोकावर टोपी लावा, धूळ बसली तर तेच टोक पुढे त्रास देतं. फायबर लावलेला असताना रीसेट केलात आणि कंपनी ओएनटी लांबून सांभाळत असेल, तर सुरू झाल्यावर तुमचं नाव-पासवर्ड असलेली सेटिंग परत त्यात येऊन बसू शकतात. आणि एक्स्चेंजला सांगून त्याचा सिरियल नंबर तुमच्या खात्यावरून काढून घ्या. त्याशिवाय घेणाऱ्याला तो दुसऱ्या जोडणीवर चढवता येणार नाही.

मंदार_कुडाळ

पावती शोधावी लागेल. लँडलाइनचा फोनही त्यातच लावलाय.

वायरमन_नगर

मग तो अजून वापरात आहे! रीसेट केलात तर फोनचीही सेटिंग जातील. नवा ओएनटी लागून त्यावर फोन वाजेपर्यंत जुन्याला हात लावू नका.

चिप_चिमटा

एक मुद्दा सगळ्यांनी सोडलाय. Factory Restore म्हणजे फ्लॅशवरचा प्रत्येक अंश पुसणं नाही. बऱ्याच फर्मवेअरमध्ये नवी मूळ सेटिंग लिहिली जातात आणि जुनी नोंद पुढे त्या जागी काही लिहिलं जाईपर्यंत चिपवर पडून असू शकते. आठ पायांची चिप असते. चिमटा लावून दोनशे-तीनशे रुपयांच्या प्रोग्रामरने वाचता येते.

ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राऊटरवर हे करतात:

```
firstboot -y && reboot
```

त्यानेही तुम्ही बदललेला भागच पुसला जातो. फर्मवेअर ओपनडब्ल्यूआरटीच राहतं, रूटला पासवर्ड नसतो आणि वाय-फाय बहुतेक वेळा बंद असतं. घेणाऱ्याला हे सांगावं लागतं, नाहीतर तो राऊटर बंद पडलाय म्हणून परत आणतो.

तारवाला

मुद्दा खरा आहे. म्हणून मी पुसण्यावर सगळा भार टाकत नाही. चिपवर उरलेला पासवर्ड आज कुठेही चालत नसेल तर तो वाचून कोणाला काय मिळणार? पीपीपीओईचा पासवर्ड बदलला, मॅक सुटला. राहिलं वाय-फाय. घरातले फोन आपोआप जोडले जावेत म्हणून नव्या राऊटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड देण्याची सगळ्यांना सवय असते. विकताना नेमकं तेच करू नये. लॉगिनचा पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल तर तिथेही बदला.

चिप_चिमटा

हे घरगुती वापराला पुरेसं. पण राऊटरमध्ये ओपनव्हीपीएनच्या किल्ल्या किंवा लॉग पाठवायला ईमेलचा पासवर्ड भरलेला असेल तर मी राऊटर विकणार नाही, चिप फोडून ई-कचऱ्यात देईन.

तारवाला

किल्ल्या नव्या बनवा, ईमेलचा पासवर्ड बदला, मग विका. चालता राऊटर फोडायची गरज मला पटत नाही. वीजच घेत नसेल तर गोष्ट निराळी, त्यात पुसताच येत नाही. तिथे चिप फोडा.

अनघा_म

जाहिरातीच्या फोटोत खालचं स्टिकर दिसत असेल तर आधी तो फोटो काढा. पुसलेल्या राऊटरला स्टिकरवरचाच वाय-फाय पासवर्ड लागू होतो आणि मॅक, सिरियलही तिथेच छापलेले असतात. शिवाय केबलवाल्यांची माणसं आयडी मार्करने राऊटरच्या पाठीवर किंवा अ‍ॅडाप्टरवर टेप लावून लिहून ठेवतात. सॅनिटायझरच्या बोळ्याने मार्कर निघतो. Backup केला असेल तर डाउनलोडमध्ये .bin फाइलही पडली असेल, तीही उडवा. वेगळ्या मॉडेलच्या राऊटरवर ती चालत नाही.

मृणाल_चिंचवड

सगळं केलं. अ‍ॅडाप्टरवर खरंच टेप होती, आयडी आणि पासवर्ड दोन्ही लिहिलेले! फोन करण्याआधी दिसली असती तर बरं झालं असतं. असो, पासवर्ड बदलून घेतला. मॅक लॉक होता, तो त्यांनी सोडवला. नवा राऊटर लगेच लागला नाही, पंधरा मिनिटांनी लागला. Unbind झालं, मग Factory Restore. आता लॅपटॉप केबलने जोडून tplinkwifi.net उघडलं तर नवीन पासवर्ड तयार करा असं विचारतोय. तो तयार करू का, की तसंच सोडू?

तारवाला

तसंच सोडा. हेच पान दिसायला हवं. पासवर्ड घेणाऱ्याने बनवायचा. तुम्ही बनवलात तर परत पुसावा लागेल. प्लग काढा, केबल गुंडाळा, अ‍ॅडाप्टर त्याच राऊटरचा आहे ना बघा. सी6 ला 12 व्होल्ट लागतात, घरात 9 व्होल्टवालेही पडलेले असतात आणि पिन सारखीच बसते.

मृणाल_चिंचवड

12 चाच आहे, टेपही काढली. फोटो बदलला. पण वाय-फायचं नाव बदलल्यापासून दारावरचा कॅमेरा नव्या राऊटरला जोडला जात नाहीये. त्याचं रीसेटचं बटण कुठे असतं कोणाला माहीत आहे का?

अनघा_म

बहुतेकांचं मेमरी कार्डच्या झाकणाखाली असतं. मॉडेल सांगा.