मदत हवी आहे : कुरळे केस गालांपाशी आणि जबड्यापाशी फुगतात, कापणी नेमकी कशी सांगावी?

पांढरंसोनं (धागाकर्ती)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यातल्या एका गावात राहते. माझे केस दाट असून वरच्या भागात लाटांसारखे आणि खालच्या टोकांना बऱ्यापैकी कुरळे आहेत. तालुक्याच्या एका पार्लरमध्ये ते ओले करून, कंगव्याने ताणून एकाच रेषेत खांद्यापर्यंत कापले आणि दाटपणा कमी व्हावा म्हणून विरळ करणारी दातेरी कात्रीही फिरवली. वाळल्यावर मात्र टोके थेट जबड्यावर आली. आता टाळू चपटा दिसतो आणि गालांपासून खाली दोन्ही बाजूंना केस पसरतात, त्यामुळे मुळातच गोल असलेला चेहरा आणखी रुंद वाटतो. केस सरळ करून घ्यायचे नाहीत. पुढच्या वेळी पार्लरच्या ताईंना काय सांगावे आणि तोपर्यंत घरी काय करता येईल, हे कृपया कुणी सांगावे.

माहेरवर्धा

ताई, केस गळत असतील तर माका आणि जास्वंद घालून उकळलेले खोबरेल तेल रात्री लावून पाहा. माझ्या मुलीचे केस बाळंतपणानंतर फार गळत होते, तिला त्याने बरे वाटले.

पांढरंसोनं

काकू, आभारी आहे, पण केस गळत नाहीत. आहेत तेच आवरत नाहीत, अशी अडचण आहे.

बडनेरारोड

सोपे आहे. गालांपाशी आणखी एकदा दातेरी कात्री मारून घ्या आणि वर लेयर घ्या. माझ्या बहिणीने असेच केले होते, केस लगेच हलके झाले.

कात्रीकंगवा

मी अमरावतीला पार्लर चालवते आणि असे केस नेहमी हाताखालून जातात. वरच्या भावांचे लेयरबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, दातेरी कात्रीबद्दलचे मात्र नाही. ती कात्री मुळाजवळून फिरली की आत आखूड केसांचा एक थर तयार होतो. सरळ केसांत तो दबून राहतो. कुरळ्या केसांत तो वळतो आणि वरच्या लांब केसांना आतून बाहेर ढकलतो. पहिले काही आठवडे केस हलके वाटतात, पण हे आखूड केस वाढू लागले की फुगवटा परत येतो आणि सोबत पिंजारलेपणाही आणतो. भावांच्या बहिणीचे केस पुढे कसे राहिले, हे विचारून पाहावे.

आता मूळ कारणाकडे येऊ. एकाच रेषेत कापलेल्या कुरळ्या केसांची सगळी टोके एकाच उंचीवर जमतात. वरचे केस स्वतःच्या वजनाने ताणले जाऊन चपटे होतात, खालचे मोकळे होऊन पसरतात. म्हणून टोके जिथे थांबतात तिथेच रुंदी दिसते, आणि तुमच्या बाबतीत ती जागा जबडा आहे. अशा वेळी गालांपाशी आणखी कापून घेतले तर ती रुंदी जबड्यावरून गालावर चढते, एवढेच होते. कापायचे असेल तर ते टाळूवर. वरचे केस आखूड झाले की तिथे उठाव येतो आणि बाजूंचा फुगवटा तुलनेने कमी वाटतो. चेहऱ्यालगतची बट मात्र वाळल्यावर हनुवटीच्या दोन बोटे खाली यायला हवी.

एक माप घेऊन सांगाल का? कानासमोरची एक बट ओली असताना हलकेच ताणून मोजा आणि तीच बट वाळल्यावर न ताणता मोजा.

पांढरंसोनं

मोजले. ओली ताणून 10 इंच, वाळल्यावर 7 इंच. बट बरोबर जबड्याच्या कोपऱ्यापाशी थांबते.

कात्रीकंगवा

म्हणजे तुमचा केस वाळल्यावर ओल्या लांबीच्या सात दशांश उरतो. ओल्या केसांवर ताणून मारलेली रेष वर का सरकली, ते यातून दिसते. हनुवटीखाली नीट उतरायला तुम्हाला वाळलेली साधारण 2 इंच लांबी वाढायला हवी, म्हणजे ताणलेली जवळजवळ 3 इंच. केस महिन्याला सुमारे अर्धा इंच वाढतात, तेव्हा पाच-सहा महिने बाजूंना आणि चेहऱ्यालगत कात्री लागू देऊ नका. आता फक्त टाळूवरचे केस कापून घ्या, आणि तेही एका वेळी इंचभरच. तो भाग फार आखूड झाला तर बटा उभ्या राहतील आणि मग वाट पाहण्यावाचून उपाय उरणार नाही.

शक्य असेल तर केस कोरडे ठेवून, नेहमीसारखे वळू देऊन, एकेक बट हातात घेऊन कापायला सांगा. त्यात बट कुठे थांबते हे डोळ्यांना दिसते.

नागपूरचीनंदा

कोरडीच कापणी हवी, हे मला पटत नाही. हात सरावलेला असेल तर ओल्या केसांवरही कुरळी कापणी उत्तम होते, माझी नेहमी तशीच होते. गावच्या पार्लरमध्ये कोरड्या केसांवर कापायला कुणी तयार होणार नाही.

कात्रीकंगवा

हात सरावलेला असेल तर होते, हे मान्य. पण ज्या हातांना कुरळ्या केसांची सवय नाही, तिथे कोरडी कापणी कमी धोक्याची, असे माझे मत आहे. ताई तयार नसतील तर ओले केस ताणू नका आणि ठरल्यापेक्षा इंचभर लांब ठेवा, एवढे तरी आग्रहाने सांगावे.

घरी करायचे ते असे. केस चोळून पुसू नका. आपला जुना सुती पंचा यासाठी टर्किश टॉवेलपेक्षा चांगला, कारण त्याला फासे नसतात. तो नुसता दाबून पाणी टिपायचे. केस चांगले ओले असतानाच जवसाची जेल लावायची. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचे. थंड झाल्यावर ते फडक्यातून उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, वास बदलला की टाकून द्यावे.

लावताना हाताची दिशा महत्त्वाची. टाळूवर मुळाशी बोटे घालून केस उचलावेत आणि तिथे दोन-तीन छोट्या क्लिपा लावाव्यात. कानशिलापासून जबड्यापर्यंत मात्र तळहात सपाट ठेवून वरून खाली फिरवावा, त्या भागात केस मुठीत घेऊन चुरगाळू नयेत. बाजूचे केस कानामागे पिनेने दाबून ठेवावेत आणि जवळजवळ वाळल्यावरच पिना काढाव्यात. डोके खाली करून वाळवू नका, त्याने बाजूची मुळे उभी राहतात. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. नंतर जेलचा कडकपणा खोबरेल तेलाच्या एक-दोन थेंबांनी मोडता येतो.

बडनेरारोड

बहिणीला विचारले. दोन महिन्यांनी केस पुन्हा फुगले होते म्हणे. तिने तेव्हा पावसाळ्याला दोष दिला होता.

कात्रीकंगवा

पावसाळ्याचाही थोडा हात असणार, भाऊ. दमट हवेत कुरळा केस ओलावा ओढून फुगतोच. त्या दिवसांत जेल थोडी जास्त लावावी.

पांढरंसोनं

मनापासून आभार. जेल करून पाहिली, बाजू खरोखरच दबून राहतात, पण आमच्या बोअरच्या जड पाण्याने धुतल्यावर केसांवर पांढरट थर दिसतो. तो पाण्याचा की जेलचा, हे कळत नाही. शिवाय डाव्या बाजूच्या बटा उजवीपेक्षा जास्त वळतात, त्यामुळे ती बाजू आखूड दिसते. दोन्ही बाजू ओल्या असताना सारख्या ठेवाव्यात की वाळल्यावर?

कात्रीकंगवा

वाळल्यावर. डावी बाजू ओली असताना थोडी लांब दिसेल, ती तशीच राहू द्यावी. थराबद्दल एवढे करून पाहा, की एकदा जेल न लावता फक्त धुऊन वाळवा. तरीही थर दिसला तर तो पाण्याचा. नाही दिसला तर पुढच्या वेळी जेल अर्धीच घ्या.

नागपूरचीनंदा

माझ्याकडेही बोअरचेच पाणी आहे. शेवटचा तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा घेते, त्याने मला फरक वाटतो, पण तुमच्या पाण्याचे सांगता येत नाही.