अनुभव धागा: एकदम मोठी ऑर्डर आली तेव्हा तुम्ही काय केलंत?

अनघा_डोंबिवली
आज सकाळी गणपतीची पहिली ऑर्डर आली आणि जुनी वही काढली. मधल्या एका पानावर तुपाचा डाग आणि वर लिहिलेलं: १००१.

घरून उकडीचे मोदक करून देते. त्या वर्षी एका मंडळाचा फोन आला, चतुर्थीलाच १००१ मोदक, साडेअकराच्या आरतीआधी. तोंडात "हो" आलं होतं, पण म्हटलं संध्याकाळपर्यंत सांगते. आणि हिशोबाला बसले.

आम्ही वळणाऱ्या चौघी. ताज्या हाताने एकीचे तासाला ३० होतात. पण आधीच्या संकष्टीला मी घड्याळ लावून बघितलं होतं, तिसऱ्या तासानंतर बोटं भरून येतात, कळ्या जाड पडतात, आकडा २० वर येतो. म्हणून सरासरी २५ धरले. पहाटे ३ च्या आधी सुरुवात केली तर पहिले मोदक दुपारच्या पानात कडक लागतात. टेम्पो १० ला निघायला हवा. म्हणजे सात तास, ७०० मोदक. त्यातले १६० नेहमीच्या घरांचे, ते आधीच घेतलेले. उरले ५४०. वाफवायला अडचण नव्हती, दोन मोठी मोदकपात्रं होती. अडत होतं ते फक्त हातांवर.

मंडळाला सांगितलं, ५०१ उकडीचे देते, ५०० तळणीचे. तळणीचे सुक्या खोबऱ्याचे, दोन दिवस आधी करून ठेवता येतात. थोडी कुरकुर झाली, पण पटलं.

सुनील_काका
पूर्ण पैसे आधी घ्यायचे, मग टेन्शनच नाही. मी तेच करतो.

मीनल७९
काका, पैसे आधी आले म्हणून वळणारे हात वाढत नाहीत हो 😄 आणि नाही जमलं तर परत करताना जास्त त्रास.

सुनील_काका
तेही खरं. माझं छपाईचं काम, रात्रभर मशीन चालवता येतं.

स्वरा_के
ताई माझ्या कळ्या वाफवताना फुटतात, पिठी कुठली घेता?

अनघा_डोंबिवली
स्वरा, आंबेमोहोराची. पण बहुतेक उकड गार झाल्यावर वळतेस. थोडी थोडी मळून घे, बाकीची ओल्या फडक्याखाली ठेव.

गिरीश_सांगली
आणखी बायका का नाही बोलावल्या? रोजंदारीवर मिळतात की.

अनघा_डोंबिवली
गिरीशदादा, चतुर्थीला ज्यांना मोदक येतात त्यांच्याही घरी गणपती असतो. सहा जणींना विचारलं, दोघीच आल्या, त्याही दुप्पट मजुरीवर आणि साडेदहाला घरी सोडायच्या अटीवर. चौथी माझी जाऊ.

मीनल७९
भाव काय लावलास? मोठी ऑर्डर म्हटलं की समोरचा आधी कमी करायला लावतो.

अनघा_डोंबिवली
ते २५ म्हणत होते, माझा नेहमीचा ३५. त्या आठवड्यात नारळ ३० चा ४५ झाला होता, आणि एका नारळात माझे तेराच मोदक होतात. साहित्य, खोकी, गॅस, टेम्पो, दोघींची मजुरी मिळून एका उकडीच्या मोदकामागे १७ पडत होते. माझी आणि जावेची मजुरी धरली की २२. फुटलेले मोदक त्यात कुठे बसवायचे? ३२ ला ठरलं, निम्मे आगाऊ. नारळ त्याच दिवशी आणून टाकले.

चूक एकच झाली. सारण आदल्या रात्री केलं आणि एक डबा कोमट असतानाच झाकला. पहाटे उघडला तर आंबूस वास. जवळजवळ दोन किलो टाकलं. जावेने दीड वाजता नारळ खवायला घेतले. तेव्हापासून सारण परातीत पातळ पसरून पूर्ण गार करते, मगच डब्यात.

प्राजक्ता_पुणे
माझं दिवाळीचं. एका कंपनीला चकलीची २०० पाकिटं दिली, वेळेत दिली, आणि पैसे मार्चमध्ये. तेलवाल्याला मी कुठून देणार? माल किती जमेल बघितलं, पैसे कधी येतील ते विचारलंच नाही.

वकील_नाना
प्राजक्ता, उद्यम नोंदणी आहे का? लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. नंतर व्याज लागतं. नोंदणी मात्र ऑर्डरच्या आधीचीच असलेली बरी.

प्राजक्ता_पुणे
तेव्हा नव्हती नाना, आता केली. पण व्याज मागितलं तर पुढच्या वर्षी ऑर्डर देतील का, हा प्रश्न राहतोच.

स्वरा_के
फडकं ठेवलं! फुटले नाहीत, फक्त दोन 🙏

गिरीश_सांगली
अनघाताई, मग ते मोदक पोचले का वेळेत?

अनघा_डोंबिवली
११:१० ला. नेहमीच्या १६० पैकी एका घरी मात्र पाऊण तास उशीर झाला. त्या काकू पुढच्या वर्षी आल्या नाहीत.