मदत हवी आहे: मुंजीच्या केटररचं कोटेशन कमी करून हवंय, पण काका दुखावले जायला नकोत

मेथांबा

मे महिन्यात लेकाची मुंज आहे, पुण्यात. कार्यालय ठरलंय, केटररही जवळजवळ ठरलेत. सासरच्या ओळखीतले काका आहेत. नणंदेच्या लग्नात जेवण त्यांचंच होतं आणि अजून लोक त्या अळूच्या भाजीची आठवण काढतात. त्यामुळे दुसरीकडे जायचं मनात नाही.

कोटेशन असं आलंय: दुपारचं जेवण २५० पानं, ६८० रुपये दराने. सकाळचा नाश्ता २५० जणांचा, ११० दराने. आइस्क्रीम काउंटर माणशी ५०. हे झाले २,१०,०००, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २,२०,५००. आमच्याकडे जेवणखाणासाठी सगळं धरून १,७५,००० आहेत. ताणून ताणून त्याच्या वर जाता येणार नाही.

नवरा म्हणतो, "सरळ फोन करून कमी करा म्हण." सासूबाई म्हणतात, "त्यांच्याशी घासाघीस करायची नाही, आपले संबंध आहेत." मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच फोन होत नाहीये. नेमकं काय बोलू? अजून अ‍ॅडव्हान्स दिलेला नाही.

रोखठोक

बजेट कधीही सांगू नये. सांगितलं की तोच आकडा ठरतो. आणखी दोन केटरर्सकडून कोटेशन आणा, कमीचं काकांना पाठवा आणि लिहा, "हे ४८० मध्ये देतायत, तुम्ही काय देता?" धंदा आहे, यात वाईट कसलं वाटायचं? आणि बिल नको म्हणा, तिथेच दहा हजार वाचले.

कॅलगरीची_काकू

आमच्याकडे गणपतीला एक फोटोग्राफर ठरवला होता. त्याने दर कमी केला आणि आला तो एक तास उशिरा, आरती संपल्यावर! म्हणून सांगते, स्वस्त फोटोग्राफर घेऊ नका. मुंजीचे फोटो आयुष्यभर राहतात.

मेथांबा

काकू, फोटोग्राफर माझा चुलतभाऊच आहे, फुकट आहे. :) प्रश्न जेवणाचा आहे.

रोखठोक, ४८० वाल्यांचं कोटेशन खरंच आलंय माझ्याकडे. पण त्यात ताटं-वाट्या आणि वाढपी वेगळे लावलेत, बाटलीबंद पाणीही नाही. ते धरलं तर फरक फारसा उरत नाही.

पंगतप्रमुख

आमचा नाशिकला वडिलांपासून हाच व्यवसाय. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

बजेट सांगा. रोखठोक म्हणतात तो धोका कोटेशन येण्याआधी असतो. इथे काकांनी दर आधीच कळवलाय, आता आकडा लपवून काय मिळणार? उलट "काही कमी होईल का" असं मोघम विचारलंत की आम्ही पाच टक्के कमी करून मोकळे होतो आणि तुमचं काम तसंच राहतं. आकडा कळला की मी मेन्यू समोर घेऊन बसतो. फक्त तो जीएसटीसकट सांगा. १,७५,००० मधून कर वजा केला तर काकांच्या हातात साधारण १,६६,६०० राहतात. हे आधी बोललं नाही तर शेवटी आठ हजारांवरून कटकट होते, आणि ती जास्त लागते.

दुखावतो आम्ही कशाने, तर आहे तेच सगळं ठेवून दर पाडायला सांगितलं की. ६८० चं पान ५५० मध्ये द्या म्हणणं म्हणजे "तुम्ही १३० रुपये जास्त लावले होते" असं तोंडावर म्हणणं. तेच "आम्ही हे आणि हे कमी करतो, मग किती होईल?" असं विचारलं तर तो हिशेबाचा प्रश्न झाला, त्यात अपमान कुठे आला? आणि एखादा केटरर काहीही न बदलता एवढी रक्कम पटकन उतरवत असेल तर जरा सावध व्हा. वाढपी कमी येतील, मठ्ठा पातळ होईल, जिलबी तुपाऐवजी वनस्पतीत तळली जाईल. हे कोटेशनवर दिसत नाही, पंगतीत दिसतं.

आता काय कमी करायचं? पापड, कोशिंबीर, चटणी काढून काही हाती लागत नाही, पान मात्र ओकंबोकं दिसतं. पैसे असतात दुसऱ्या गोडात, पनीरच्या भाजीत, तळलेल्या स्टार्टरमध्ये आणि काउंटरमध्ये, कारण काउंटरला माणूस वेगळा लागतो. सगळ्यात मोठी गळती मला नाश्त्यात दिसते. मुंजीला सकाळी आठ वाजता २५० माणसं येतात कुठे? घरचे, मातृभोजनाची बटूमंडळी, गुरुजी आणि बाहेरगावहून आलेले. तुमच्याकडे किती होतील?

मेथांबा

फार तर नव्वद. मुहूर्त शुक्रवारचा आहे, ऑफिसवाले थेट जेवायलाच येतील. आली तर.

पंगतप्रमुख

मग २५० हा जेवणाचा आकडाही पुन्हा बघा. निमंत्रणांची यादी आणि गॅरंटीची पानं वेगळी. गॅरंटी म्हणजे तेवढी पानं झाली नाहीत तरी पैसे द्यायचे. वर झाली तर मोजून द्यायची. कामाचा दिवस आहे, यादी २५० ची असेल तर गॅरंटी २३०-२४० पुरते.

मात्र फार खाली ओढू नका. आचारी, भांडी, टेम्पो, १९ किलोचे सिलिंडर हा खर्च २०० पानांना आणि २५० पानांना जवळपास सारखाच. पानं कमी केली की पानामागचा दर चढतो. नाश्त्यालाही तेच होईल, नव्वदला ११० चा दर राहणार नाही. काकांनी थोडा वाढवला तर तिथे अडू नका.

आणि बिल नको म्हणू नका. कर चुकवणं तर आहेच, पण दिलेल्या अ‍ॅडव्हान्सचा कागदही राहत नाही हातात. फक्त जीएसटी लावलाय तर कोटेशनवर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढं बघून घ्या.

रोखठोक

बिलाचं मागे घेतो. बाकी दुसरं कोटेशन दाखवण्यात चूक काय ते कळलं नाही. बाजारभाव त्यांनाही माहीत असतो.

पंगतप्रमुख

म्हणूनच दाखवू नये. ४८० मध्ये काय नाही हे त्यांना तुमच्याआधी कळेल. दुसरं कोटेशन स्वतःसाठी घ्यावं, तुलना करायला.

मोरावळा

मी सोसायटीची कामं ठरवते, रंगारी, लिफ्टवाले वगैरे. एक भर घालते. फोनवर नको, आधी मेसेज करा. फोनवर समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, मग तो एकतर चिडतो नाहीतर मनाविरुद्ध हो म्हणतो. मेसेज मिळाला की माणूस कागद घेऊन बसतो. आणि सासूबाईंकरवी बोलू नका. वडीलधाऱ्यांकडून शब्द गेला की काकांना नाही म्हणता येत नाही, आणि तेच त्यांच्या मनात राहतं.

मेथांबा

हा मसुदा बघा:

"नमस्कार काका. कोटेशन मिळालं, सविस्तर दिल्याबद्दल आभार. जेवण तुमच्याकडूनच हवं आहे. आमचं बजेट मात्र खूपच कमी आहे, म्हणून जरा संकोच वाटतोय, राग मानू नका. जेवणखाणासाठी १,७५,००० एवढीच रक्कम बाजूला काढली आहे. नाश्ता ९० जणांचा आणि जेवणाची गॅरंटी २४० केली, आइस्क्रीम काढलं, तर जमेल का? थोडा दर कमी करता आला तर बघा."

मोरावळा

संकोच आणि राग दोन्ही काढा. रागावण्यासारखं काहीतरी येतंय अशी समोरच्याची आधीच समजूत होते.

पंगतप्रमुख

शेवटचं वाक्यही काढा. काम कमी केल्याचं सांगून झाल्यावर "थोडा दर कमी" म्हटलं की पुन्हा घासाघीसच झाली. त्याऐवजी पदार्थ त्यांनाच निवडू द्या. कुठल्या पदार्थात त्यांचे पैसे अडकतात ते आपल्याला बाहेरून कळत नाही. कशाला हात लावायचा नाही तेवढं सांगा. मी असं लिहीन:

"नमस्कार काका. कोटेशन मिळालं. ताईच्या लग्नातलं जेवण सगळ्यांच्या लक्षात आहे, त्यामुळे मुंजीलाही तुम्हीच हवे आहात. आम्ही जेवणखाणासाठी जीएसटी धरून १,७५,००० ठरवले आहेत. त्यात बसावं म्हणून आमच्या बाजूने काही बदल करतोय: नाश्ता ९० जणांचा, जेवणाची गॅरंटी २४० पानं, आइस्क्रीम काउंटर नको. एवढ्यानेही बसत नसेल तर मेन्यूतलं काय कमी करावं ते तुम्हीच सुचवा. अळूची भाजी, मसालेभात आणि मठ्ठा-जिलबी तेवढी राहू द्या. तेल-तूप आणि वाढपी नेहमीचेच असू द्या. या रकमेत जमण्यासारखं नसेल तर तसंही मोकळेपणाने सांगा. रविवारपर्यंत कळवलंत तर अ‍ॅडव्हान्स लगेच पाठवते."

शेवटची ओळ महत्त्वाची. मे महिन्यातला मुहूर्ताचा दिवस आहे, काकांना त्या तारखेला दुसरं गिऱ्हाईक सहज मिळेल. पक्कं काम आणि लगेच अ‍ॅडव्हान्स हे तुमच्याकडे देण्यासारखं आहे.

रोखठोक

"जमण्यासारखं नसेल तर सांगा" हे लिहून तुम्ही स्वतःच दार उघडून देताय. मी तरी लिहिणार नाही.

मोरावळा

अनोळखी व्हेंडर असता तर मीही लिहिलं नसतं. इथे नातं आहे, त्यांना नाही म्हणायची सोय हवी.

मेथांबा

पाठवला. दुसऱ्या दिवशी काकांचाच फोन आला, आवाजात काही नाराजी वाटली नाही. म्हणाले, "पानात दोन गोडं कशाला, एकच करू," आणि गुलाबजाम आणि मिनी समोसा त्यांनीच काढला. पनीर ठेवलंय, मुलं तेच खातात म्हणाले. जेवण ६४० ने २४० पानं, नाश्ता १२५ ने नव्वद. १,६४,८५० आणि वर जीएसटी, म्हणजे १,७३,०९२. २२० पानांचं विचारलं तर म्हणाले, मग दर ६६० होईल. म्हणून २४० वरच थांबले.

दोन गोष्टी राहिल्यात. सासूबाईंना एकच गोड पटत नाहीये, व्याह्यांसमोर कसं दिसेल म्हणतात. आणि २४० च्या वर पानं गेली तर काय दर, हे विचारायचंच राहून गेलं.

पंगतप्रमुख

जादा पानांचा दर आजच मेसेजवर विचारून घ्या. आम्ही दहा टक्क्यांपर्यंत तोच दर लावतो, काहीजण जास्त लावतात. पानं कोण मोजणार तेही ठरवा. बुफे असेल तर ताटं मोजायची, पंगत असेल तर प्रत्येक पंगत उठताना घरचा एक माणूस आणि त्यांचा एक माणूस मिळून. भटारखान्यात उभं राहून संध्याकाळी आकड्यावरून वाद घालणं फार वाईट.

कॅलगरीची_काकू

दुसरं गोड घरी करा ना, बेसनाचे लाडू. पानात एकेक वाढायचा. आमच्याकडे असंच करतात.

पंगतप्रमुख

काकू, करता येईल, पण काकांना आधी विचारून. बाहेरचा पदार्थ आमच्या पानात आलेला काही केटरर्सना चालत नाही. कुणाचं पोट बिघडलं तर नाव आमचं जातं.

मेथांबा

लाडवांचं सासूबाईंना सांगितलं तर त्या आजच बेसन भाजायला घेतील. आधी काकांना विचारते.