मदत हवी आहे: डेटिंग प्रोफाइलच्या फोटोत किती टचअप चालेल? (वांग, नाक आणि येत्या शनिवारची भेट)

आंबटगोड_कैरी
वय ३३, राहते ठाण्यात. प्रश्न जरा बालिश वाटेल, पण गंभीरपणे विचारतेय.

प्रोफाइलसाठी मैत्रिणीने माझा फोटो नीट करून दिला. ती लग्नाचे अल्बम करते, त्यामुळे हात सफाईचा आहे. फोटो मूळचा सेल्फीच, घरच्या खिडकीपाशी काढलेला. तिने काय काय केलं ते सांगते: हनुवटीवरची पुटकुळी काढली, दोन्ही गालांवरचं वांग पूर्ण पुसलं, डाव्या भुवईत लहानपणीच्या टाक्यांची खूण आहे ती भरली, नाक थोडं बारीक केलं आणि चेहरा "जरासा उजळ" केला. फोटो छान आलाय. आईने पाहिला आणि म्हणाली, "ही कोण?"

फोटो अजून चढवलेला नाही. पण एकाशी आधीपासून बोलणं चालू आहे, त्याने माझा फक्त एक लांबून काढलेला ग्रुप फोटो पाहिलाय. शनिवारी भेटायचं ठरतंय. त्याआधी तो "नीट फोटो टाक ना" म्हणतोय. यातलं काय ठेवू आणि काय काढू? भेटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर तो अर्धा सेकंद नकोय मला.

खडूस_काका
काहीच एडिट करू नका. फोनने जो काढला तोच खरा फोटो. विषय संपला.

शेवटचा_डबा
काका, फोनने काढलेला फोटो खरा असतो हाच गैरसमज आहे. बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात ब्युटी मोड दुकानातून येतानाच चालू असतो. माझ्या भावाचे वर्षभराचे सगळे सेल्फी मेणाच्या पुतळ्यासारखे आहेत आणि त्याला पत्ताच नाही.

नेगेटिव्ह_पॉझिटिव्ह
मी रिटचिंगचंच काम करतो, आधी स्टुडिओत, आता घरून. ताई, तुमच्या पाच गोष्टी एका मापाने मोजू नका.

पुटकुळी बिनधास्त काढा. आमच्याकडे जुना ठोकताळा आहे: दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते काढायचं, राहील ते ठेवायचं. त्याच न्यायाने भुवईची खूण परत आणा. ती भरून निघाली की चेहऱ्याची ओळखच थोडी हलते. आई "ही कोण" म्हणाली त्यात नाकाइतकाच या भुवईचाही वाटा असणार.

आता नाक. इथे खरी गंमत आहे. सेल्फी हातभर अंतरावरून निघतो, आणि कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणजे नाक. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं होतं: साधारण एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे मैत्रिणीने जे बारीक केलं ते तुमचं नाक नव्हतंच, सेल्फीने फुगवलेलं नाक होतं. पण ते लिक्विफाय टूलने अंदाजाने आत ढकलण्यापेक्षा फोटोच नव्याने काढा. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, मागचा कॅमेरा वापरा, दुप्पट झूम लावा आणि त्याला पाच-सहा फूट लांब उभं करा. नाक आपोआप जागेवर येईल. एक तोटा आहे: लांबून चेहरा सेल्फीपेक्षा थोडा रुंद दिसतो, कान नीट दिसायला लागतात. पहिल्यांदा दचकाल. पण कॅफेत समोरच्या खुर्चीवरून तो जे बघणार आहे ते त्याच्या जवळपास असेल.

उजळपणा: पूर्ण फोटो उजळ केला असेल तर ती प्रकाशाची दुरुस्ती, चालेल. फक्त त्वचा उजळली असेल तर नाही. ओळखायचं कसं? मान आणि हात बघा. चेहरा एका रंगाचा आणि मनगट दुसऱ्याच, असं दिसलं की समजायचं.

आंबटगोड_कैरी
बघितलं. मान आणि चेहरा वेगवेगळे आहेत. 😐 आणि खिडकीचे गज नाकाच्या बाजूला किंचित वाकलेत, ते आत्ता लक्षात आलं. पण वांगाचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. ते दोन आठवड्यांत जात नाही, पण कायम सारखंही नसतं. मे महिन्यात गडद, जानेवारीत जेमतेम दिसतं.

सुगरण_मावशी
बाळा, वांगावर मसूर डाळीचं पीठ आणि दूध लाव, रात्रभर नको, वीस मिनिटं. माझ्या जावेचं पुष्कळ कमी झालं.

त्वचेची_गोष्ट
मावशी, प्रश्न फोटोचा आहे हो. आणि वांग चोळून जात नाही, उलट चोळण्याने आग झाली तर आणखी गडद होतं. मलाही आहे, दुसऱ्या बाळंतपणानंतर आलेलं. डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती रोजचं सनस्क्रीन, खिडकीजवळ काम करत असले तरी. असो. माझा कैरीला उलटा प्रश्न: शनिवारी तू कन्सीलर लावून जाणार ना? मग फोटोत वांग दिसलंच पाहिजे हा हट्ट का? मेकअपमध्ये जेवढं झाकतेस तेवढं फोटोत झाकलं तर फसवणूक कुठली?

नेगेटिव्ह_पॉझिटिव्ह
मुद्दा बरोबर आहे, पण पूर्ण नाही. कन्सीलर लावलं तरी जवळून त्वचेचा पोत दिसतो, रोमछिद्रं दिसतात. पूर्ण पुसलेल्या फोटोत गाल प्लास्टिकसारखा होतो.

वांगासाठी मी असं करेन: मैत्रिणीकडून लेयर असलेली फाइल मागा. मूळ फोटो खाली, साफ केलेला लेयर वर. वरच्याची ओपॅसिटी, म्हणजे तो किती टक्के दिसतो ते, शून्यावर आणा आणि हळूहळू वाढवत न्या. एका हातात आरसा घ्या, दिवसाच्या उजेडात. आरशात वांग जेवढं दिसतं तेवढंच फोटोत दिसेल तिथे थांबा. माझ्या अनुभवात हा आकडा ३० ते ५० च्या मधे कुठेतरी येतो, कारण फोनचा कॅमेरा तपशील जास्त धारदार करतो आणि डाग आहेत त्याहून ठळक दिसतात. १०० वर कधीच थांबू नका.

बोरीवली_फास्ट
मला वेगळाच अनुभव. मी टक्कल पडायच्या आधीचा, चार वर्षांपूर्वीचा फोटो ठेवला होता. एक पिक्सेलही एडिट नाही! भेटलो तर ती म्हणाली, "तुमचा मोठा भाऊ आलाय का?" त्यापेक्षा केस भरून घेतलेला ताजा फोटो बरा, असं मला वाटतं.

शेवटचा_डबा
दोन्ही नको हो! ताजा आणि तुळतुळीत टाका.

खडूस_काका
मी आधी म्हणालो ते थोडं मागे घेतो. पण मुलीने आधीच सांगून टाकावं, "मला वांग आहे." मग फोटोचा प्रश्नच उरत नाही.

त्वचेची_गोष्ट
काका, अहो कशाला? त्याने सांगितलंय का की त्याला घोरायची सवय आहे? फोटोत थोडं दिसू द्यावं, जाहीर निवेदन नको.

आंबटगोड_कैरी
निवेदन देणार नाही, ते पक्कं. भावाला पाच फुटांवर उभं केलं आज संध्याकाळी, गच्चीत. चेहरा खरंच रुंद दिसतोय, पण नाक माझं आहे. भुवई तशीच ठेवली. वांगासाठी मैत्रिणीकडे फाइल पाठवलीय. ती ४० म्हणतेय, मला आरशासमोर ३० वाटतंय.

पण एक अडलंय. आरसा बाथरूमच्या ट्यूबलाइटमध्ये बघू की गच्चीत? दोन्हीकडे वांग वेगळं दिसतं, आणि आम्ही भेटणार आहोत संध्याकाळी सहाला, तलावपाळीला.

नेगेटिव्ह_पॉझिटिव्ह
गच्चीत, सहालाच. ट्यूबखाली बघून ठरवलंत तर ७० वर जाल.

त्वचेची_गोष्ट
आणि कन्सीलर लावून बघ की न लावता, ते कोण सांगणार? मी म्हणते लावून.

नेगेटिव्ह_पॉझिटिव्ह
मी म्हणतो न लावता. यावर आपलं जमणार नाही.